घेतो म्हणेपर्यंत

आधीचा उमेदवार खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नातेवाइकांची समजूत घालता घालता हरलेल्या माणसाचा थकवा होता. त्याने टायची गाठ सैल केली आणि बाकावर तिच्या शेजारी टेकत, कोणी न विचारताच सांगितलं, "बायकोला विचारून सांगतो म्हणाले. मी म्हटलं, जरूर विचारा. झालं, संपलं."

"कोणाच्या बायकोला?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या. म्हणजे साहेबांच्या. म्हणजे तशी नाहीये ती कुठे. मुलाखतीपुरती आहे." त्याने खिशातून रुमाल काढला, उघडून पाहिला आणि तसाच परत ठेवला. "आत एक मोठी गादी आहे. तिच्याकडे बघू नका. झोप येते."

ती हसली, पण ते हसू ओठांच्या आतच राहिलं. तिला ही नोकरी हवी होती, आणि ती किती हवी होती हे तिच्याव्यतिरिक्त फक्त एका स्टुलाला ठाऊक होतं. ते स्टूल तिच्या मोठ्या जाऊबाईंच्या ब्यूटी पार्लरमध्ये, गल्ल्यामागे, भिंतीला पाठ लावून उभं होतं. तुझी मुलं मोठी झाली, आता घरात बसून काय करणार, असं म्हणत जाऊबाईंनी ते आणलं, त्यावर फुलाफुलांची उशी बांधली आणि घरातल्या प्रत्येक जेवणाला त्याची आठवण काढली. "तुझं स्टूल वाट बघतंय गं." यात दुष्टपणा अजिबात नव्हता, आणि तेच भयंकर होतं. चांगुलपणाने मांडून ठेवलेल्या जागेवरून उठता येत नाही. आजची मुलाखत फसली तर सोमवारपासून पार्लरमध्ये यायचं, असा शब्द तिने स्वतःच देऊन ठेवला होता. दहा ठिकाणी नकार ऐकलेल्या माणसाचा आवाज शब्द देताना फार बारीक होतो.

तयारी तिने सासऱ्यांवर केली होती. सासऱ्यांची सबंध हयात एका कार्यालयाच्या खरेदी विभागात गेली होती. दारात आलेल्या विक्रेत्यांना परतवून लावण्यात त्यांचे केस पिकले होते आणि निवृत्तीनंतर परतवायला कोणी उरलं नाही म्हणून ते कोमेजले होते. तिने 'बाबा, तुम्ही गिऱ्हाईक व्हा' म्हणताच त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला.

"सूनबाई, महाग आहे म्हटलं की भाव कमी करायचा नाही," ते सांगत. "कशाच्या मानाने महाग, ते विचारायचं. आणि शेवटी ऑर्डरची मागणी घातलीस की तोंड बंद. पूर्ण बंद. मी ज्यांच्याकडून माल घेतला ना, ते सगळे त्या वेळी गप्प बसले होते. जे बोलत राहिले, त्यांना मी बोलू दिलं आणि चहा पाजून पाठवलं."

आतून नाव पुकारलं गेलं. ती उठली.

खोली म्हणजे गाद्यांच्या दुकानाचा वरचा मजला होता. मध्यभागी एक रुंद पलंग, त्यावर पांढरीशुभ्र गादी. उन्हाचा एक चौकोन तिच्यावर असा पसरला होता, जणू तोही नमुन्यादाखल ठेवला असावा. पलीकडे टेबलामागे विक्रीप्रमुख बसले होते. त्यांना सगळे तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'भिंत'. शेजारी कर्मचारी विभागाच्या बाई, हातात गुणांचा तक्ता: ऐकणं, प्रश्न विचारणं, आक्षेप हाताळणं, मागणी घालणं. वर कंपनीच्या संस्थापकांची तसबीर आणि तिच्याखाली त्यांचं वचन, चौकटीत: 'भूमिका संपते ती "घेतो" या शब्दाने किंवा "थांबतो" या शब्दाने. तिसरा शब्द नाही.'

"वाचलंत?" साहेबांनी विचारलं. "मी ग्राहक. तुम्ही विक्रेत्या. गादी ही. मी 'घेतो' म्हणालो तर तुम्ही जिंकलात. थकलात तर 'थांबते' म्हणा आणि निघा, आम्हाला राग नाही. घड्याळ लावत नाही आम्ही."

"आजवर कितीजणांना तुम्ही 'घेतो' म्हणालात?"

बाईंनी तक्त्यामागे तोंड लपवलं. साहेब म्हणाले, "सुरू करा."

तिने गादीचं वर्णन केलं नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर न बसता काटकोनात बसली आणि म्हणाली, "या, बसा. सध्या झोप कशी लागते?"

"उत्तम. मला गादी नकोच आहे. सहज शिरलो दुकानात."

"सहज शिरलात ते बरं झालं. घरची गादी कधीची?"

"लग्नातली."

"कुशीवर झोपता की पाठीवर?"

साहेब थबकले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसावा. आधीच्यांनी त्यांना स्प्रिंगांची संख्या सांगितली होती. "कुशीवर. डाव्या."

"सकाळी खांदा धरतो?"

"धरतो." मग त्यांना आपण ग्राहक असल्याची आठवण झाली. "पण महाग आहे ही."

"बरोबर आहे, गादी काही रोज घेत नाही आपण. कशाच्या मानाने महाग वाटते?"

"माझ्या बजेटच्या मानाने."

"आणि किंमत बाजूला ठेवली तर? आणखी काही अडतंय?"

बाईंची पेन्सिल चालू लागली. साहेबांनी डोळे बारीक केले. "विचार करून सांगतो."

"जरूर. नेमका कशाचा विचार करायचा राहिलाय, ते कळलं तर मला मदत करता येईल."

"रात्री झोपच लागत नाही मला," साहेब म्हणाले, "त्यात गादी काय करणार?"

पेन्सिल थांबली. बाईंनी तक्ता खाली केला; भूमिकेच्या कागदावर असं काही लिहिलेलं नव्हतं. क्षणभर खोलीत असा आवाज झाला, जसा भरल्या घरात कुणीतरी चुकून स्वतःच्या खोलीचा दरवाजा उघडा टाकल्यावर होतो. म्हणजे काहीच आवाज झाला नाही. साहेबांनी लगेच स्वतःला सावरलं.

"ते जाऊ द्या. बायकोला विचारावं लागेल."

इथे सगळे पडत. ग्राहकाची बायको कुठे नसतेच, आणि नसलेल्या बायकोसमोर कुणाचं काय चालणार? पण बाबांनी तिला सांगितलं होतं, की निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोल, निरोप्याशी बोलू नकोस.

"विचारायलाच हवं. झोपणार तर दोघं," ती म्हणाली. "मग आत्ताच बोलावू या ना त्यांना. याच असतील?" आणि ती वळली ती थेट बाईंकडे.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, मग तक्ता टेबलावर पालथा घातला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या अभिनयाला गुण देणाऱ्या माणसाच्या आतही एखादी भूमिका दबा धरून बसलेली असते.

"अगंबाई," त्या उठून आल्या, "आज पहिल्यांदा विचारतायत हो हे मला काही! सोफा आणला तेव्हा विचारलं नाही, पंखा आणला तेव्हा नाही. गादीच्या वेळी बरी बायको आठवली!"

"चारचौघांत काय बोलतेस?" साहेब दचकून म्हणाले.

"चारचौघं कुठे आहेत? ही एक मुलगी आहे बिचारी. तिला कळू दे." बाई गादीच्या काठावर बसल्या आणि दाबून पाहू लागल्या. "छान आहे. पण मला ही गादी नको. मला वेगळी खोली हवी."

ती सावध झाली. दोन गिऱ्हाइकं एकमेकांशी भांडू लागली की विक्रेत्याने पंच व्हायचं नसतं. "म्हणजे त्यांच्या हालचालीने तुमची झोप मोडते का?" तिने विचारलं.

"मोडते? अहो, हे कूस बदलतात तेव्हा मला वाटतं घर बदलतंय."

"मग याच गादीचं एक करून बघा. तुम्ही इकडे पडा, साहेबांना पलीकडे पडू दे. एकाची हालचाल दुसऱ्याला जाणवते का, ते तुम्हीच सांगा. आणि मिनिटभराने उठू नका. शरीर सैल पडायला जरा वेळ जावा लागतो, नाहीतर गादी कळतच नाही."

बाईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि पडून पाहून त्या उठून काठावरच बसून राहिल्या. साहेब बूट काढून पलीकडे पडले आणि कुशीवर वळले. डाव्या कुशीवर. उन्हाचा चौकोन सरकून त्यांच्या मोज्यांवर आला होता. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि ते कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

"काही जाणवलं नाही मला," बाई कबूल करत्या झाल्या.

"पण आईला चालणार नाही," साहेब छताकडे न पाहता म्हणाले. "आई म्हणते, माणसाने जमिनीवर झोपावं."

"आईंना बोलवा."

आई म्हणून हिशेबनीस आले. पलीकडच्या खोलीत बसणारे ते निवृत्तीला टेकलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ. बाईंनी दारातून हाक मारून त्यांना प्रसंग सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, खांद्यावर पदरासारखा रुमाल घेतला आणि आत येताच विचारलं, "कुणाला विचारून?"

"अजून घेतली नाहीये आई," बाई म्हणाल्या.

"तू गप्प बस. तू आल्यापासून या घरात कापूस दिसेनासा झालाय." हिशेबनिसांचा आवाज मिशांमधून गाळून येत असल्यामुळे विलक्षण मायाळू वाटत होता. "मला विचारल्याशिवाय या घरात उशीसुद्धा आली नाही कधी. आणि ही पोरगी कोण?"

"मी गाद्या दाखवते, आई," ती म्हणाली. "कापसाचं तुमचं म्हणणं पटतं मला. कापसाला हवा लागते. पण दरवर्षी पिंजून घ्यायला कोण नेतं?"

"मीच नेते! दुसरं आहे कोण?" हिशेबनीस डोळ्यांना रुमाल लावत म्हणाले. "कंबर गेली माझी."

"कंबर गेली," तिने हळूच पुन्हा उच्चारलं आणि त्यांना भिंतीलगत ठेवलेल्या दुसऱ्या, कडक गादीवर पाठीवर निजवून कंबरेखाली हात घालायला सांगितलं. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, जागचा हललाच नाही तर फार मऊ. हिशेबनिसांचा हात नेमका जेवढा शिरायला हवा तेवढाच शिरला, आणि ते तसेच, स्वतःच्या कंबरेखाली हात अडकवून, विचारात पडले.

दुपार झाली. डबे उघडले गेले. भूमिका संपलेली नव्हती, म्हणून सगळे एका कुटुंबासारखे जेवले. हिशेबनिसांनी तिच्यापुढे आपल्या डब्याचं झाकण सरकवलं. "खा गं, किती वाळलीस," असं म्हणताना ते नेमके कोण होते, हे सांगणं कठीण होतं. साहेब जेवायलाही उठले नाहीत. पडल्या पडल्या म्हणाले, "माझ्या भावालाही विचारावं लागेल." मग खालच्या दुकानातला विक्रेता वर बोलावला गेला. तो दीर झाला आणि येताक्षणी वाटणीबद्दल बोलू लागला. ही गादी कुणाच्या वाट्याला येणार? थोरल्यालाच नेहमी मऊ का? हिशेबनीस म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत वाटणी नको." बाई म्हणाल्या, "बघा, म्हणून मला वेगळी खोली हवी." आणि नसलेलं ते घर, जे सकाळी एका माणसाच्या नकारापुरतं होतं, आता खोल्या वाढवत, भिंती उभारत, जुने राग कोनाड्यांत मांडत त्या मजल्यावर पुरतं वसलं. त्या घरात ती एकटीच परकी होती, आणि तिलाच सगळे आपल्या बाजूने बोलायला सांगत होते.

तिने प्रत्येकाचं ऐकलं. प्रत्येकाला प्रश्न विचारला. पण गादी विकली जात नव्हती. एकाचा आक्षेप मिटला की तो दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा जन्म घेई. तिला फुलाफुलांची उशी दिसू लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक बाई वर आली. पन्नाशीची, धापा टाकणारी, हातात कापडी पिशवी. "खाली कुणीच नाही," ती म्हणाली. "मला गादी बघायची होती."

"ही कोण आता?" हिशेबनिसांनी विचारलं.

"आत्या असेल," दीर म्हणाला. "या आत्या. तुमचंच बाकी होतं."

"मी ही घेईन म्हणते," ती बाई कडक गादीवर हात फिरवत म्हणाली.

यावर सबंध कुटुंब, ज्याचं सकाळपासून एकाही बाबतीत एकमत झालं नव्हतं, एकदम एक झालं.

"महाग आहे हो फार," दीर म्हणाला.

"असू दे."

"घरी विचारलंत का?" बाई म्हणाल्या.

"घरी मीच आहे."

"घाई करू नये," हिशेबनीस समजुतीने म्हणाले. "आहे तीच गादी उलटून टाका, वर्षभर जाईल. विचार करून सांगा."

"विचार करूनच आलेय," ती बाई म्हणाली. तिने पिशवीतून सुतळीचं एक भेंडोळं काढलं. "हे बघा, मापसुद्धा आणलंय. ही गाठ लांबीची, ही रुंदीची. पलंग जुना आहे, माप आडनिडं. जाईन तिथे सांगतात असं माप येत नाही."

सुतळी उलगडत गेली. त्या दोन्ही गाठींवर तिची नजर खिळली. भूमिकेतल्या माणसाकडे सगळं असतं. बायको, आई, भाऊ, कंबर, बजेट. नसतं ते पलंगाचं माप. आणि सकाळपासून तिने एवढे प्रश्न विचारले, पण पलंग केवढा आहे हे मात्र विचारलं नव्हतं. कारण तिलाही कुठेतरी ठाऊक होतं, की पलंग नाहीच.

ही बाई खरी होती. सुतळी गुंडाळू लागली होती. अजून चार आक्षेप ऐकले की जिना उतरून जाणार होती. तिच्याकडे वळायचं तर या खोट्या घराकडे पाठ फिरवावी लागणार, आणि तसबिरीखालच्या चौकटीत पाठ फिरवण्याचा एकच शब्द होता. तो उच्चारला की स्टूल.

"थांबते," ती म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "अगं, काय केलंस!"

पण ती सुतळीपाशी गेली होती. "बसा ना, ताई. पाणी देऊ? कशा झोपता तुम्ही, पाठीवर?" मग दिराकडे वळून, "दादा, आपण मापाप्रमाणे करून देतो का?"

दिराच्या अंगातून वाटणी उतरली. तो पुन्हा खालचा विक्रेता झाला. "देतो की. आठवडा लागतो."

"आठवडा चालेल?"

"एवढी वर्षं घालवली, आठवड्याचं काय," ती बाई म्हणाली.

ती बाई पडली, कंबरेखाली हात घातला, उठली. सुतळीच्या टोकापासून दोन्ही गाठींपर्यंतचं अंतर टेपने मोजून झालं. "मग टाकू ऑर्डर?" एवढंच विचारून ती गप्प राहिली. ती बाई "हो" म्हणाली आणि विक्रेत्याबरोबर खाली गेली. जाताना तिने वळून त्या कुटुंबाकडे पाहिलं. "तुम्हीपण घेऊन टाका हो," ती म्हणाली. "केवढी चर्चा करताय."

ती गेल्यावर एक आवाज ऐकू आला, जो मघापासून येतच असावा. साहेब घोरत होते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं. आजवर कोणापुढे न नमलेली भिंत उन्हाच्या चौकोनात विरघळून पडली होती. हिशेबनिसांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या पायांवर घातला. मोज्याचं भोक झाकलं गेलं.

"नियम म्हणजे नियम," बाई कुजबुजल्या, पण तक्ता हातात घेईनात. "तू थांबते म्हणालीस."

"कोणाला म्हणाली?" हिशेबनिसांनी आईच्याच आवाजात विचारलं. "गिऱ्हाईक माझा मुलगा. तो झोपला होता. त्याला ऐकूच आलं नाही तर ते म्हटलं कसं?"

"मी ऐकलं ना."

"तू कोण? बायको. बायकोसमोर माणूस काय वाटेल ते म्हणतो."

कुजबुजीने साहेब जागे झाले. कुणी पाहण्याआधी त्यांनी गालावरची लाळ पुसली. "कोण झोपलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी, की ग्राहक?"

हिशेबनीस चष्मा पुसू लागले. बाई शेवटी म्हणाल्या, "घोरत तर तुम्हीच होतात, साहेब."

साहेब उठून बसले. गादीवर त्यांच्या अंगाचा ठसा उमटला होता आणि तो हळूहळू, न बोलता, भरून येत होता. त्याच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग सवयीने म्हणाले, "पण..."

तिने वाट पाहिली. 'पण'च्या पुढे काहीच आलं नाही.

"एक विचारायचं राहिलं होतं माझं," ती म्हणाली. "पलंगाचं माप काय तुमच्या?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, ज्या त्यांची बायको होत्या. हिशेबनिसांकडे पाहिलं, जे त्यांची आई होते.

"एकाचा आहे," ते म्हणाले. "एकट्याचा."

हिशेबनिसांनी मिशांवरून हात फिरवला. बाई खाली बघून चप्पल शोधू लागल्या, जी त्यांच्या पायातच होती.

"बुधवारी पाठवू, की गुरुवारी?" तिने विचारलं. आणि गप्प बसली. पूर्ण गप्प. बाबांनी सांगितलं होतं तशी. पण बाबांनी हे सांगितलं नव्हतं, की ही शांतता दोन्ही बाजूंनी सारखीच जड असते.

"बुधवारी मी घरी नसतो," साहेब म्हणाले.

ती बोलली नाही.

"गुरुवारी. घेतो."

बाईंनी तक्ता उचलला, आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे न कळून त्यावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. "एक तारखेला रुजू हो," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांच्या कडा टिपत स्वतःशीच पुटपुटल्या, "गेली माझी वेगळी खोली."

खाली उतरल्यावर, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, तिने जाऊबाईंना फोन लावला. सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं.

"अगं पण स्टूल आणलंय ना तुझ्यासाठी!" पलीकडून आवाज आला. "उशी शिवली. तू विचार कर. घरी विचार. महिनाभर बसून तर बघ!"

"तुमचं म्हणणं पटतं मला, जाऊबाई," ती पायरीवर बसत म्हणाली. "स्टूल सोडलं तर आणखी काही अडतंय का?"